धारा न वाहणारे रोधक

बारावीच्या किंवा सीईटीच्या प्रश्नपत्रिकेत असा परिपथ हमखास असतो. 12 व्होल्टची बॅटरी. तिच्या धन टोकापासून निघाले की आधी 5 ओहमचा रोधक, आणि त्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वरून नेलेली एक साधी तार. पुढे दोन फाटे फुटतात. वरच्या फाट्यात 2 आणि मग 4 ओहम, खालच्यात 4 आणि मग 8 ओहम. दोन्ही फाटे शेवटी एकत्र येऊन बॅटरीच्या ऋण टोकाला मिळतात. शिवाय दोन्ही फाट्यांचे मधले बिंदू जोडणारा 10 ओहमचा एक रोधक. प्रश्न एवढाच: बॅटरीतून किती धारा निघते?

बरीच मुले लगेच किरखॉफचे नियम लावून तीन-चार समीकरणे मांडतात. उत्तर येतेही, पण या सहा रोधकांपैकी दोघांतून धारा वाहतच नाही, हे आधी दिसले तर काम तोंडी होते.

ते दिसण्यासाठी आकृतीतल्या बिंदूंना अक्षरे द्यावीत. नियम एकच: तारेवरून कितीही लांब गेलो तरी अक्षर बदलायचे नाही, रोधक ओलांडला की नवे अक्षर. आदर्श तारेला रोध नसतो, म्हणून तिच्या दोन्ही टोकांचे विभव सारखेच. धन टोकाला अ म्हणू. वरच्या तारेने गेलो तर 5 ओहमच्या पलीकडचा बिंदूही अ ठरतो. या रोधकाच्या दोन्ही टोकांना एकच अक्षर आले, म्हणजे विभवांतर शून्य, आणि ओहमच्या नियमानुसार धाराही शून्य. तो खोडून टाकावा. तार मात्र ठेवावी, कारण सगळी धारा तिच्यातूनच जाते.

इथे एक समजूत घात करते. ‘धारा कमी रोधाच्या वाटेने जाते’ असे शिकवले जाते आणि मुले जास्त रोधाची शाखाच वगळतात. ते चूक आहे. समांतर वाटांत धारा विभागली जाते. जास्त रोधाच्या वाटेला कमी मिळते, पण मिळते. खऱ्या तारेचेही तसेच. तिचा रोध 0.01 ओहम धरला आणि एकूण धारा 3 अँपिअर असली, तर 5 ओहममधून सुमारे 6 मिलिअँपिअर जातातच. कागदावर आपण तेवढे सोडून देतो.

दुसरा फसवा नमुना: एका ओळीत 6 ओहमचे तीन रोधक, पहिल्या बिंदूपासून तिसऱ्यापर्यंत एक तार, दुसऱ्यापासून चौथ्यापर्यंत दुसरी. तारा रोधकांवरून गेलेल्या पाहून ते निकामी झाले असे वाटते. अक्षरे द्या: अ, ब, अ, ब. प्रत्येक रोधक अ आणि ब यांच्यामध्ये आहे. एकही निकामी नाही. तिन्ही समांतर आहेत आणि पहिल्या व चौथ्या बिंदूंमधला एकूण रोध 2 ओहम.

आता मूळ परिपथातला 10 ओहमचा रोधक. त्याच्या टोकांना क आणि ड अशी वेगळी अक्षरे येतात, म्हणून अक्षरे इथे पुरत नाहीत. गुणोत्तर पाहावे लागते. तो रोधक क्षणभर काढला असे समजा. वरच्या फाट्याचा रोध 6 ओहम, धारा 2 अँपिअर, म्हणून क चे विभव 12 वजा 4, म्हणजे 8 व्होल्ट. खालच्या फाट्याचा रोध 12 ओहम, धारा 1 अँपिअर, ड चे विभवही 8 व्होल्ट. दोन्ही सारखे, तेव्हा मध्ये 10 ओहम लावा किंवा 1000, धारा शून्यच. हा संतुलित व्हीटस्टन सेतू. उरले 6 आणि 12 ओहम समांतर, म्हणजे 4 ओहम. बॅटरीतून 3 अँपिअर.

एवढा हिशेबही नको असेल तर 2:4 आणि 4:8 ही गुणोत्तरे पाहिली की झाले. मात्र दोन्ही फाटे बॅटरीच्या एकाच बाजूकडून वाचायला हवेत. खालचे रोधक उलट क्रमाने, आधी 8 आणि मग 4, असे लावले तर संख्या त्याच राहतात, पण 10 ओहमशिवाय ड चे विभव 4 व्होल्ट येते. मग तो रोधक खोडता येत नाही. आकृती दोन्ही बाजूंना सारखी दिसते यावर म्हणूनच विसंबू नये.

ही रचना सॅम्युएल क्रिस्टी यांनी 1833 मध्ये मांडली. चार्ल्स व्हीटस्टन यांनी 1843 मध्ये ती सर्वांपुढे आणली आणि त्यांचेच नाव तिला चिकटले. इलेक्ट्रॉनिक वजनकाट्यात आजही बहुधा असाच सेतू असतो. ताण पडला की रोध किंचित बदलणाऱ्या पट्ट्या त्यात बसवलेल्या असतात. रिकाम्या काट्यात क आणि ड यांची विभवे जवळजवळ सारखी असतात. वजन ठेवले की त्यांत जो फरक पडतो, त्यावरूनच पडद्यावर ग्रॅम उमटतात.