गाळणीचें रूप आणि गाळणीचें अंतरंग

एखाद्या मुलाच्या लघवींत रक्ताचा अंश वरचेवर सांपडतो आणि त्याच्या मामाचीं मूत्रपिंडें तरुणपणींच निकामी झालेलीं असतात. अशा वेळीं डॉक्टरांस आल्पोर्ट या आनुवंशिक विकाराची शंका येते. मग मूत्रपिंडाचा कण सुईनें काढून तपासावयाचा; पण कोणत्या यंत्राखालीं?

मूत्रपिंडांत रक्त गाळणाऱ्या केशवाहिन्यांभोंवतीं एक पातळ पडदा असतो. त्याची जाडी प्रौढ माणसांत सुमारें ३०० ते ३५० नॅनोमीटर भरते. एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर त्यांतील एक भाग म्हणजे नॅनोमीटर. या पडद्यावर बाहेरून कांहीं पेशी आपले बारीक पाय एकमेकांत गुंतवून बसलेल्या असतात. प्रकाशानें पाहणाऱ्या साध्या सूक्ष्मदर्शकाला पडद्याचे थर उलगडून दाखवितां येत नाहींत. म्हणून इलेक्ट्रॉनांचें साह्य घ्यावें लागतें.

क्रमवीक्षण सूक्ष्मदर्शकांत इलेक्ट्रॉनांचा झोत सुईच्या अग्रासारखा बारीक करून नमुन्यावरून ओळीओळीनें फिरवितात. प्रत्येक बिंदूवर पृष्ठभागाच्या अगदीं वरच्या थरांतून जे इलेक्ट्रॉन उसळतात ते मोजले जातात आणि त्या प्रमाणांत चित्रांतील बिंदु उजळ होतो. वीस सेंटिमीटर रुंद चित्रासाठीं नमुन्याची पट्टी मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाइतकी घेतली, तर वाढ दहा हजारपट झाली. पेशींचे गुंतलेले पाय येथें उठावदार दिसतात; परंतु पडदा त्यांच्याखालीं झांकलेलाच राहतो.

पारगमन सूक्ष्मदर्शकाची रीत निराळी. नमुना राळेंत घट्ट करून त्याचे सुमारें ६० ते ९० नॅनोमीटर जाडीचे काप हिऱ्याच्या सुरीनें काढतात व शिसें, युरेनियम यांच्या क्षारांनीं रंगवितात. हे जड धातु जेथें बसतात तेथें इलेक्ट्रॉन विखुरतात व तो भाग काळा दिसतो. जे आरपार जातात त्यांची प्रतिमा चुंबकीय भिंगें मोठी करतात. येथें आल्पोर्टच्या विकारांतील पडदा कोठें फार पातळ, तर कोठें जाड होऊन टोपलीच्या विणीप्रमाणें थरांत फुटलेला स्पष्ट दिसतो.

अर्थात् या मुलासाठीं पारगमन यंत्रच हवें; कारण प्रश्न आंतील थरांचा आहे. मात्र काप तिरका गेला तर निरोगी पडदाहि जाड भासतो. त्याच्या कडा पुसट दिसल्या कीं जाणकार तेथें जाडी मोजीत नाहीं. कडा रेखीव असलेल्या अनेक जागा निवडतो. शिवाय बालवयांत पडदा मुळांतच पातळ असतो व विकाराच्या आरंभीं केवळ पातळपणाच आढळण्याचा संभव असतो. तेव्हां माप वयाशीं ताडून पाहावें लागतें आणि शेवटचा निर्णय पुष्कळदां जनुकांच्या परीक्षेनंतरच देतां येतो.