कोपरे कापलेला पट आणि एकतीस डोमिनो

बुद्धिबळाच्या पटावर ६४ घरे असतात. डोमिनो हा दोन घरांएवढा आयताकृती तुकडा. तो पटावर आडवा किंवा उभा ठेवता येतो, तिरपा नाही. कसाही ठेवला तरी कडेला कड लागून असलेली दोन घरे त्याच्याखाली जातात. ३२ डोमिनो घेतले तर अख्खा पट सहज झाकता येतो, कारण प्रत्येक ओळीत चार डोमिनो आडवे मांडले की काम झाले. आता याच पटाचे समोरासमोरचे दोन कोपरे, म्हणजे वरच्या डाव्या टोकाचे घर आणि खालच्या उजव्या टोकाचे घर, कापून टाकले. ६२ घरे उरली. ३१ डोमिनो घेऊन हा उरलेला पट पूर्ण झाकता येईल का? एकही डोमिनो दुसऱ्यावर चढू नये, पटाबाहेर जाऊ नये आणि एकही घर उघडे राहू नये, एवढ्याच अटी आहेत.

हे कोडे मॅक्स ब्लॅक या तत्त्वज्ञाने १९४६ साली तर्कशास्त्रावरच्या आपल्या पुस्तकात घातले होते. पुढे सॉलोमन गोलोम यांनी १९५४ मध्ये चौकोन जोडून होणाऱ्या आकृत्यांवर लेख लिहिला, त्यात ते आले. मग मार्टिन गार्डनर यांच्या ‘सायंटिफिक अमेरिकन’मधील सदरातून ते १९५७ मध्ये सर्वसामान्य वाचकांपर्यंत पोहोचले.

आकड्यांचा हिशेब बरोबर जुळतो, म्हणून पहिला अंदाज ‘येईल’ असाच असतो. मांडायला बसले की अनुभव वेगळा येतो. तीस डोमिनो नीट बसतात आणि शेवटी दोन घरे एकमेकांपासून दूर उरतात. मांडणी बदलली तरी पुन्हा तेच. पण कितीही वेळा अपयश आले तरी त्यातून अशक्यता सिद्ध होत नाही. योग्य मांडणी अजून सापडली नाही एवढेच म्हणता येते. कोपरे न कापलेला पट डोमिनोंनी झाकण्याचे १,२९,८८,८१६ वेगवेगळे प्रकार आहेत. कापलेल्या पटावर अर्धवट राहणाऱ्या मांडण्याही अगणित निघतात, आणि त्या सगळ्या हाताने तपासून पाहणे कुणालाच शक्य नाही.

लहान पटावर मात्र सगळ्या शक्यता तपासता येतात. चार ओळी आणि चार स्तंभांचा पट घेऊ. डावीकडून उजवीकडे पहिल्या ओळीत १ ते ४, दुसऱ्या ओळीत ५ ते ८, तिसऱ्या ओळीत ९ ते १२ आणि चौथ्या ओळीत १३ ते १६ असे घरांना क्रमांक द्यावेत. १ आणि १६ ही घरे कापली. १४ घरे राहिली, म्हणजे सात डोमिनो लागतील. घर २ झाकणारा डोमिनो दोनच प्रकारे बसू शकतो: उभा, ६ बरोबर, किंवा आडवा, ३ बरोबर.

आधी उभा ठेवून पाहू. २ आणि ६ झाकले गेले की ५ ला एकच शेजारी उरतो, ९. त्यामुळे ५ आणि ९ यांची जोडी ठरली. आता १३ ला फक्त १४ मोकळे आहे, म्हणून तीही जोडी ठरली. घर १० च्या चार शेजाऱ्यांपैकी ६, ९ आणि १४ झाकलेले आहेत, म्हणून १० ला ११ घ्यावेच लागते. मग १५ कडे पाहावे. त्याचे शेजारी ११, १४ आणि १६. पहिले दोन झाकलेले, तिसरे कापलेले. १५ एकटे पडले. हा मार्ग संपला.

आता २ आणि ३ आडवे झाकू. ४ ला ८ घ्यावे लागते. मग १२ ला ११, १५ ला १४, १३ ला ९ आणि ५ ला ६ घ्यावे लागते. प्रत्येक पायरीवर दुसरा पर्यायच नसतो. सहा डोमिनो बसले आणि ७ आणि १० ही घरे उरली. ती एकमेकांना फक्त कोपऱ्यात टेकतात, त्यामुळे सातवा डोमिनो दोन्हींवर बसत नाही. दुसरा मार्गही संपला, आणि या लहान पटाचे उत्तर ‘नाही’ असे पक्के झाले. आठ बाय आठच्या पटावर मात्र फाटे इतके फुटतात की या रीतीने शेवट गाठणे फार कष्टाचे होते. तेथे वेगळ्या वाटेने जावे लागते.

ती वाट पटावर आधीपासूनच आहे. बुद्धिबळाच्या पटावरची घरे आळीपाळीने काळी आणि पांढरी असतात. पांढऱ्या घराला कडेने लागून असलेले प्रत्येक घर काळे, आणि काळ्याला लागून असलेले प्रत्येक घर पांढरे. डोमिनो शेजारशेजारची दोन घरे झाकतो, म्हणून तो कुठेही आणि कसाही ठेवला तरी एक काळे आणि एक पांढरे घर झाकतो. एकतीस डोमिनो ठेवले तर ३१ काळी आणि ३१ पांढरी घरे झाकली जाणार. पटावर मुळात ३२ काळी आणि ३२ पांढरी घरे असतात. समोरासमोरचे दोन कोपरे एका कर्णाच्या दोन टोकांना असतात, आणि त्या कर्णावरची सगळी घरे एकाच रंगाची असतात. समजा, कापलेले दोन्ही कोपरे पांढरे होते. मग ३२ काळी आणि ३० पांढरी घरे उरली. ३१ आणि ३१ झाकणाऱ्या तुकड्यांनी ३२ आणि ३० कधीच झाकले जाणार नाहीत. पट झाकता येत नाही, सिद्धता संपली.

मांडताना येणाऱ्या अनुभवाचाही उलगडा येथेच होतो. तीस डोमिनो बसले की ३० काळी आणि ३० पांढरी घरे गेली, म्हणून उरलेली दोन घरे काळीच असणार. दोन काळी घरे कडेला कड लावून कधीच येत नाहीत. चार बाय चारच्या पटावर उरलेली ७ आणि १० ही घरे एका रंगाची होती, आणि कापलेली १ आणि १६ ही घरे दुसऱ्या रंगाची.

या सिद्धतेतले खरे सामर्थ्य असे की कोड्याच्या अटींत रंगाचा उल्लेखही नाही. डोमिनोला रंग कळत नाही, आणि कोऱ्या कागदावर आखलेल्या चौकटीवरही उत्तर तेच राहील. रंग हे बाहेरून आणलेले साधन आहे, आणि ते आणल्याबरोबर मांडणीचा क्रम, दिशा, फाटे यांतले काहीच पाहावे लागत नाही. एकही डोमिनो न ठेवता सगळ्या मांडण्या एकदम बाद होतात.

रंगाशिवाय सिद्धता देता येत नाही असे मात्र नाही. पहिल्या ओळीत कोपरा गेल्यामुळे सात घरे आहेत. त्या ओळीतले आडवे डोमिनो सम संख्येने घरे घेतात, म्हणून पहिल्या ओळीतून दुसऱ्या ओळीत उतरणारे उभे डोमिनो विषम संख्येत असले पाहिजेत. दुसऱ्या ओळीत आठ घरे. त्यांतली विषम घरे वरून आलेल्यांनी घेतली, आडव्यांनी सम घेतली, म्हणून तिसऱ्या ओळीत उतरणारेही विषमच. असे करत आठव्या ओळीपर्यंत जाता येते. ओळींमधल्या सात सीमा आणि प्रत्येक सीमेवर विषम डोमिनो, म्हणजे उभ्या डोमिनोंची एकूण संख्या विषम. हाच युक्तिवाद स्तंभांना लावला की आडव्या डोमिनोंची संख्याही विषम येते. विषम अधिक विषम म्हणजे सम. पण डोमिनो तर ३१, विषम. विसंगती आली. ही सिद्धता निर्दोष आहे, तरी तिची पोच कमी आहे. ती घरे नेमकी कुठून कापली यावर टेकलेली असते. रंगाची सिद्धता मात्र पटावरची एकाच रंगाची कुठलीही दोन घरे कापली तरी, शब्दही न बदलता, लागू पडते.

संगणकशास्त्रज्ञ जॉन मॅकार्थी यांनी १९६४ मध्ये हेच कोडे यंत्राने सिद्धता शोधण्याच्या पद्धतींसाठी कठीण कसोटी म्हणून मांडले. कोड्याच्या अटी तर्काच्या भाषेत जशाच्या तशा लिहून दिल्या तर त्यांत रंग नसतो, आणि अटींपासून एकेक पायरी पुढे जाणाऱ्या यंत्राला तो सुचण्याचे कारण नसते. अशा एका प्रचलित पद्धतीला लागणाऱ्या पायऱ्या पटाची बाजू वाढत गेली की घातांकी वेगाने वाढतात, हे पुढे गणिताने सिद्धही झाले.

आता उलट प्रश्न. एक काळे आणि एक पांढरे घर कापले तर उरलेला पट नेहमी झाकता येतो का? येतो, आणि कुठलीही दोन घरे निवडली तरी येतो. अमेरिकी गणिती राल्फ गोमरी यांनी याची सुंदर सिद्धता दिली. पटावर एक बंद वाट आखायची. डाव्या खालच्या कोपऱ्यातून निघून सर्वांत खालच्या ओळीने उजव्या टोकाला जायचे. तेथून वरच्या ओळीत चढून डावीकडे यायचे, पण डावीकडचा पहिला स्तंभ मोकळा सोडायचा. पुन्हा वर चढून उजवीकडे जायचे. असे नागमोडी वळत सर्वांत वरच्या ओळीत पोहोचले की त्या ओळीने डाव्या टोकापर्यंत यायचे आणि राखून ठेवलेल्या पहिल्या स्तंभातून खाली उतरून मूळ घरी परतायचे. ६४ घरे एकदाच लागतात आणि वाटेवर रंग आळीपाळीने येतात. या वाटेवरचे एक काळे आणि एक पांढरे घर काढले की तिचे दोन तुकडे होतात. काढलेली घरे वाटेवर लागोपाठची असतील तर एकच. प्रत्येक तुकड्याचे एक टोक काळे आणि दुसरे पांढरे असते, म्हणजे त्यातली घरे सम संख्येत असतात. वाटेच्या ओघात एकापुढे एक डोमिनो ठेवत गेले की दोन्ही तुकडे पूर्ण झाकले जातात.

दोनपेक्षा जास्त घरे कापली की मात्र रंगांचा हिशेब पुरा पडत नाही. डाव्या खालच्या कोपऱ्याचे घर काळे असते. त्याचे शेजारी दोनच आणि दोन्ही पांढरे. ती दोन्ही कापावीत, आणि तोल राखायला दूरची दोन काळी घरेही कापावीत. ३० काळी आणि ३० पांढरी घरे उरतात, तरीही पट झाकता येत नाही, कारण कोपऱ्याच्या घराला जोडीदारच राहिलेला नसतो. रंगांची संख्या समान असणे ही आवश्यक अट आहे, पुरेशी नाही. पुरेशी अट फिलिप हॉल यांच्या १९३५ च्या प्रमेयातून मिळते: दोन्ही रंगांची घरे समान संख्येत हवीत, आणि काळ्या घरांचा कोणताही गट उचलला तरी त्या गटाला लागून असलेली पांढरी घरे एकूण गटाइतकी किंवा त्याहून अधिक हवीत. वरच्या उदाहरणात कोपऱ्याचे एकटे घर हाच एक गट आहे आणि त्याचे शेजारी शून्य, म्हणून पट तेथेच अडतो.