साठ दुकानं, एक पोस्ट

समजा, एका मसाला कंपनीसाठी संशोधन सल्लागाराने नाशिकमधल्या ६० किराणा दुकानदारांना विचारलं, ‘गेल्या तीन महिन्यांत तुमच्याकडे दहा रुपयांपर्यंतच्या पाकिटांचा खप वाढला का?’ ३७ जण ‘हो’ म्हणाले. कंपनीच्या परवानगीने यावर एक पोस्ट करायची आहे. ‘महाराष्ट्रात छोट्या पाकिटांची लाट’ असं शीर्षक चटकन सुचतं, पण हातात आहेत ती एका शहरातली साठ उत्तरं.

३७ म्हणजे सुमारे ६२ टक्के. दुकानं चिठ्ठ्या टाकून निवडल्यासारखी निवडली असती, तरी एवढ्या छोट्या नमुन्यात हा आकडा दोन्हीकडे साधारण १२ टक्क्यांनी सरकू शकतो. म्हणजे शहरातलं खरं प्रमाण ५० असेल किंवा ७४सुद्धा. ओळखीच्या वितरकाने दाखवलेल्या दुकानांतच विचारणा झाली असेल, तर हा हिशेबही लागू पडत नाही. म्हणून टक्क्यांऐवजी ‘६० पैकी ३७’ लिहावं. वाचणाऱ्याला नमुन्याचा आकार तिथेच कळतो.

जास्त फसगत होते ती पोटगटांत. या साठांत १२ दुकानं बाजारपेठेतली होती. त्यांतल्या ९ जणांनी ‘हो’ म्हटलं, म्हणजे ७५ टक्के. उरलेल्या ४८ पैकी २८ जणांनी, म्हणजे ५८ टक्के. सतरा टक्क्यांचा हा फरक तक्त्यात उठून दिसतो आणि पोस्टमध्ये घ्यावासा वाटतो. पण बाजारपेठेतल्या दोनच दुकानदारांनी ‘नाही’ म्हटलं असतं, तर तिथे १२ पैकी ७ उरले असते, म्हणजे तेही ५८ टक्के. दोन माणसांच्या उत्तरावर जो निष्कर्ष पुसला जातो, तो पोस्टमध्ये नको. पुढच्या फेरीत बाजारपेठेतली दुकानं वाढवून तो तपासावा.

चित्र एकच, साधं असावं: ‘हो’, ‘नाही’ आणि ‘सांगता येत नाही’ अशा तीन आडव्या पट्ट्या, शून्यापासून सुरू होणाऱ्या, प्रत्येकीवर दुकानांची संख्या. शहर, महिना, विचारलेला प्रश्न आणि दुकानं कशी निवडली, हे पोस्टच्या मजकुरात न ठेवता चित्राच्याच तळाशी छापावं. व्हॉट्सअ‍ॅपवर चित्र पुढे जातं, मजकूर मागे राहतो. दुकानांची नावं किंवा दुकान ओळखू येईल असा तपशील मात्र कुठेच नको.

टाकण्याआधी नुसतं चित्र या कामाशी संबंध नसलेल्या कुणाला तरी दाखवावं आणि ‘यातून काय कळलं?’ एवढंच विचारावं. ‘नाशिकमध्ये छोट्या पाकिटांचा खप वाढला’ असं उत्तर आलं, तर शीर्षक चुकलंय. आपण बिलं तपासलेली नाहीत, दुकानदारांचा अंदाज विचारलाय. तेव्हा शीर्षक असं हवं: ‘छोट्या पाकिटांचा खप वाढला, असं नाशिकमधल्या ६० पैकी ३७ दुकानदारांना वाटतं.’