टाकीत उतरायला ‘नाही’ म्हणण्याची किंमत

अर्जुनी मोरगावच्या धानपट्ट्यात राईस मिल आणि तिथली हमाली हा ओळखीचा रोजगार. उकडा तांदूळ करायचा तर धान आधी टाकीत भिजत घालावं लागतं. टाकी रिकामी केल्यावर तळाशी राहिलेलं ओलं धान आंबतं, हवेतला ऑक्सिजन खातं आणि कार्बन डायऑक्साइड सोडतं. हवेहून जड असलेला हा वायू तळाशीच साचतो. त्याला वास नाही. वास असतो तो आंबलेल्या पाण्याचा, आणि त्याची तर सगळ्यांना सवय झालेली. त्यामुळे नाकावर भरवसा ठेवण्यात अर्थ नाही. हवेत साधारण २१ टक्के ऑक्सिजन असतो, तो टाकीत किती उरला हे यंत्रच सांगू शकतं. आतला माणूस कोसळला की त्याला काढायला दुसरा उतरतो आणि तोही पडतो. म्हणूनच १९४८ च्या कारखाने कायद्याचं कलम ३६ सांगत आलं की, घातक वायूची शक्यता असलेल्या टाकीत माणूस उतरवण्याआधी जाणकाराने हवा तपासून लेखी दाखला द्यावा. नाहीतर उतरणाऱ्याला श्वसनसाधन आणि कमरेला दोर हवा, दोराचं टोक बाहेरच्या माणसाच्या हातात.

यातलं काहीच नसेल आणि मुकादम ‘उतर’ म्हणाला तर? भोपाळनंतर, १९८७ मध्ये, या कायद्यात कलम ४१एच आलं. धोका दिसला तर कामगाराने मालकाला कळवावं. मालकाला पटलं नाही तरी त्याने प्रकरण निरीक्षकाकडे पाठवावं. पण हा हक्क कायद्याच्या यादीतल्या घातक प्रक्रियांपुरता होता. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेच्या कलम १४ ने तो इतर आस्थापनांपर्यंत नेला. तरीही हा हक्क कळवण्याचाच राहिला. निरीक्षक येईपर्यंत हमालाने टाकीबाहेर थांबावं आणि त्याची मजुरी कापू नये, असं कलमात नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा १९८१ चा करार क्रमांक १५५ नेमकं इथे पुढे जातो: रास्त कारणाने कामापासून बाजूला झालेल्याला त्याचे अनुचित परिणाम भोगावे लागू नयेत.

तसं संरक्षण आपल्या कायद्यातही हवं. मालक म्हणतील, अशाने ऐन हंगामात कोणीही उठून काम टाळेल. पण पोत्यामागे मजुरी मिळणारा हमाल थांबला की पहिला खड्डा त्याच्याच खिशाला पडतो. खोटी भीती सांगून त्याच्या हाती काय लागणार? शिवाय भीती रास्त होती का, याचा निवाडा करायला निरीक्षक आहेच. निरीक्षक तालुक्याला बसत नाही, हा आक्षेप मात्र खरा. म्हणून तो येईपर्यंत काय, हे नियमात आधीच लिहिलेलं हवं: पंखा लावून हवा खेळवा, पुन्हा मोजा, तोवर कोणी उतरणार नाही.

एवढं केलं तरी ठेकेदारीचा पेच राहतोच. ठेकेदार हमालाला काढत नाही, दुसऱ्या दिवशी बोलावतच नाही. आणि न बोलावण्याचा कागद नसतो. नकारानंतरच्या काही आठवड्यांत काम बंद झालं, तर कारण सिद्ध करण्याचं ओझं ठेकेदारावर टाकल्याशिवाय हा हक्क हमालाच्या कामाचा नाही.