अर्हत आणि बोधिसत्त्व : निबंध लिहिण्याआधी

कोल्हापुरात अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांना थेरवाद आणि महायान यांच्या आदर्शांवर निबंध लिहायला सांगितला की एक ठरावीक वाक्य हमखास येते : अर्हत स्वतःपुरता मुक्त होतो, तर बोधिसत्त्व सगळ्यांसाठी आपले निर्वाण सोडतो. लक्षात ठेवायला हे सोपे असले तरी त्याचे दोन्ही भाग चुकीचे आहेत.

गैरसमज : अर्हत म्हणजे स्वार्थी साधक.

घरोघरी म्हटल्या जाणाऱ्या पाली वंदनेत बुद्धांसाठी ‘अरहतो’ हा शब्द येतो, म्हणजे थेरवादाच्या दृष्टीने स्वतः बुद्धही अर्हतच आहेत. मनाला जखडणारी दहा संयोजने, म्हणजे बंधने, ज्याची पूर्ण तुटली तो अर्हत. त्यांतली शेवटची सुटतात ती ‘मी’पणाचा मान आणि अविद्या. ज्याचा अहंकारच उरलेला नाही त्याला स्वार्थी कसे म्हणणार?

एसटी महामंडळाचे ‘बहुजन हिताय’ हे ब्रीद सर्वांना ठाऊक आहे. ते मूळ कोणाला उद्देशून आहे, ते पाहा. विनयपिटकातल्या कथेप्रमाणे पंचवर्गीय भिक्खू, यश आणि त्याचे मित्र मिळून साठ जण अर्हत झाले, तेव्हा बुद्धांनी त्यांना लोकांच्या हितासाठी वेगवेगळ्या वाटांनी जायला सांगितले. ते मुक्त झाले आणि लगेच कामाला लागले.

मग स्वार्थाचा आरोप आला कुठून? तो महायानी ग्रंथांतून आला. विमलकीर्तिनिर्देश सूत्रात शारिपुत्रासारख्या थोर अर्हताला वादात वारंवार निरुत्तर केलेले आहे. एका पक्षाने दुसऱ्याचे केलेले हे चित्र आहे. निबंधात ते जरूर वापरावे, पण थेरवादाचे स्वतःचे मत म्हणून नव्हे. ‘हीनयान’ हा शब्दही याच वादातला आहे. तो टाळून ‘थेरवाद’ लिहिलेले बरे.

गैरसमज : बोधिसत्त्व ही फक्त महायानाची कल्पना.

अजिंठ्याच्या दहाव्या लेण्यात षड्दंत जातक रंगवलेले आहे. हे चित्र महायानी मूर्ती येण्याच्या कितीतरी आधीचे, साधारण इसवी सनापूर्व पहिल्या शतकातले मानतात. सहा सुळ्यांचा गजराज बाणाने घायाळ झाल्यावरही शिकाऱ्याला मारत नाही, उलट आपले सुळे कापायला त्यालाच मदत करतो. पाली जातकांत या हत्तीला बोधिसत्त्वच म्हटले आहे.

त्याहून महत्त्वाची कथा सुमेधाची. पाली बुद्धवंसात दीपंकर बुद्धांना चिखलात पाय टाकावा लागू नये म्हणून हा तपस्वी स्वतः चिखलात आडवा होतो. त्याच क्षणी क्लेश जाळून अर्हत होण्याची त्याची योग्यता असते. पण एकट्याने पैलतीर गाठण्याऐवजी बुद्ध होऊन इतरांनाही पार न्यावे, असा संकल्प तो करतो. हाच सुमेध पुढे असंख्य जन्मांनंतर गौतम बुद्ध होतो. तुमच्या निबंधाचा सगळा प्रश्न या एका प्रसंगात आहे, आणि तो थेरवादाच्या ग्रंथात आहे.

खरा फरक आहे तो हा मार्ग कोणासाठी, या प्रश्नात. थेरवादात बोधिसत्त्व हा युगायुगांत एखादाच. बाकीच्यांनी त्याने शोधलेल्या वाटेने अर्हत व्हावे. महायान म्हणते, ही वाट प्रत्येकाने धरावी. त्यासाठी आधी बोधिचित्त, म्हणजे सर्वांसाठी बुद्ध होण्याचा निश्चय, मग दान, शील, क्षांती, वीर्य, ध्यान आणि प्रज्ञा या सहा पारमिता. सद्धर्मपुंडरीक सूत्र तर अर्हतांनाही शेवटी बुद्धत्वाकडेच जायचे आहे, असे सांगते.

गैरसमज : बोधिसत्त्व निर्वाण नाकारतो.

त्याचे ध्येय बुद्धत्व असते, जे निर्वाणाहून कमी नाही. महायानी विचारवंतांनी यासाठी ‘अप्रतिष्ठित निर्वाण’ अशी संज्ञा वापरली : संसारात अडकायचे नाही आणि शांतीत निष्क्रियही व्हायचे नाही. ‘दारात थांबून राहिलेला’ हे चित्र भावते, पण ते या संज्ञेशी जुळत नाही.

आपल्या महाराष्ट्रात या दोन परंपरा एकाच घरात दिसतात. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरला बाबासाहेबांनी दीक्षा घेतली ती थेरवादी भिक्खू महास्थवीर चंद्रमणी यांच्याकडून, आणि वंदना पालीत होते. तरी त्यांच्या तसबिरीखाली ‘बोधिसत्त्व’ लिहिलेले असते. 1957 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या त्यांच्या ग्रंथात सिद्धार्थाच्या कथेत मुदिता, विमला यांपासून धर्ममेघापर्यंत बोधिसत्त्वाच्या दहा अवस्था दिल्या आहेत. ही यादी महायानाच्या दशभूमिक परंपरेतली आहे. निबंधात दोन शाखांमध्ये सरळ रेघ ओढण्याआधी हा भाग काढून वाचा.