पडद्यावरचा निळा, मगवरचा जांभळा

कॉम्प्युटरवर काढलेलं झगझगीत चित्र मगवर छापलं की सगळ्यात आधी दगा देतो तो निळा रंग. पडद्यावर तो विजेसारखा चमकतो आणि मगवर चक्क जांभळट दिसतो. बहुतेक जण दोष छापणाऱ्याला देतात, पण खरं कारण शाईत आहे. पडदा लाल, हिरवा आणि निळा प्रकाश स्वतः फेकतो, त्यामुळे निळ्यासाठी त्याच्याकडे स्वतंत्र दिवा असतो. छपाईच्या चार मूळ शायांमध्ये निळी शाईच नसते. आकाशी सायन आणि गुलाबी मॅजेंटा एकावर एक छापून निळा तयार करावा लागतो. सायनने लाल प्रकाश गिळायचा, मॅजेंटाने हिरवा, आणि निळा तेवढा उरायचा, असा हा हिशेब. प्रत्यक्षात दोन्ही शाया थोडा निळाही गिळतात. म्हणून उरतो तो रंग काळपट होतो, आणि मॅजेंटा जास्त पडली की जांभळ्याकडे झुकतो.

एक नमुना घेऊ. सपाट, ठसठशीत रंगांचं चित्र: #0000FF या शुद्ध निळ्याचं आकाश आणि त्यावर #39FF14 या निऑन हिरव्याचा पोपट. मग सब्लिमेशनने छापायचा आहे. म्हणजे चित्र आधी ट्रान्सफर पेपरवर उलटं छापायचं आणि मग हीट प्रेसमध्ये साधारण 180 ते 200 अंश सेल्सिअसला शाईची वाफ करून मगच्या पॉलिस्टर लेपात उतरवायची.

इथे पुष्कळ चित्रकार घाईने फाइल CMYK मध्ये बदलून पाठवतात. सब्लिमेशनसाठी ते बहुधा नुकसानीचं ठरतं. या कामाच्या छोट्या प्रिंटरचे ड्रायव्हर सहसा RGB फाइलच मागतात. त्यामुळे एकदा आपण रंग कापतो, दुसऱ्यांदा ड्रायव्हर कापतो. फाइल sRGB मध्येच ठेवावी, प्रोफाइल आत जोडावं, आणि छापणाऱ्याकडून त्याच्या शाई-कागदाचं ICC प्रोफाइल मागून घ्यावं. ते हाती आलं की फोटोशॉपमध्ये View > Proof Setup > Custom इथे ते निवडायचं. पडद्यावरच छपाईचा अंदाज दिसू लागतो. Gamut Warning सुरू केलं की शाईच्या आवाक्याबाहेरचे भाग करडे होतात. आपल्या चित्रात जवळजवळ सगळं आकाश आणि अख्खा पोपट करडा होईल.

आता निर्णय सॉफ्टवेअरवर सोडला तर ते आवाक्याबाहेरचा प्रत्येक रंग जवळच्या शक्य रंगावर नेऊन बसवतं. पोपटाच्या पंखांतल्या तीन वेगवेगळ्या हिरव्या छटा एकाच हिरव्यावर येऊन आदळतात आणि पिसं पुसली जातात. Perceptual हा पर्याय छटांमधलं अंतर राखतो, पण त्यासाठी बाकीचे रंगही थोडे मवाळ करतो. चमकत्या कडा आणि हळूहळू बदलणाऱ्या छटा असतील तर तो बरा. सपाट रंगांच्या चित्रात मात्र रंग आपल्या हातानेच निवडावेत, असं माझं ठाम मत आहे.

आकाशासाठी निळ्यात हिरव्याचा अंश वाढवत जायचं: #0000FF, #0030F0, #0050E6, #0064DC. हे चार चौकोन एकाच मगवर शेजारी शेजारी छापून घ्यायचे आणि दिवसाच्या उजेडात पाहायचे. पडद्यावर यांतले शेवटचे दोन बरेच आकाशी वाटतील, पण मगवर निखळ निळा बहुधा त्यांच्याच आसपास सापडतो. निऑन हिरवा मात्र या शायांनी होणारच नाही. तिथे तेज सोडून द्यावं आणि हिरव्याची जात राखावी. त्यातल्या त्यात पिवळसर, स्वच्छ हिरवा घ्यावा आणि पोपटाभोवतीचं आकाश थोडं गडद करावं. डोळा शेजाऱ्याशी तुलना करूनच उजळपणा ठरवतो, त्यामुळे पोपट आपोआप उठून दिसतो.

कागदावरची छपाई फिकी दिसली तर घाबरून फाइल बदलू नये. सब्लिमेशनचा रंग उष्णतेनंतरच फुलतो. प्रेसनंतरही रंग मलूल राहिले तर तापमान, वेळ किंवा दाब कमी पडला असं समजावं. काळा तपकिरी झाला आणि कडा पसरल्या तर मग जास्त भाजला गेलाय. ही चूक फाइलमध्ये दुरुस्त करायला गेलं की पुढचा प्रत्येक मग बिघडतो.

टी-शर्टवर खरा निऑन हवाच असेल तर वाट वेगळी आहे. सब्लिमेशन सुती कापडावर टिकत नाही, आणि त्यात पांढरी शाई नसल्याने काळ्या कापडावर ते दिसतही नाही. तिथे स्क्रीन प्रिंटिंग घ्यावं आणि पोपटासाठी तयार फ्लोरोसंट शाईचा एक वेगळा स्क्रीन करून घ्यावा. गडद कापडावर तिच्याखाली पांढऱ्या शाईचा थर लागतो, नाहीतर निऑन कापडात बुडून जातो. प्रत्येक रंगाला वेगळा स्क्रीन लागत असल्यामुळे चार-दोन शर्टांसाठी हे परवडत नाही. शिवाय फ्लोरोसंट शाई उन्हात इतर शायांपेक्षा लवकर फिकी पडते, हे गिऱ्हाइकाला ऑर्डर घेतानाच सांगून ठेवावं.