साहेब वाचणारे की ऐकणारे?

नव्या नोकरीत रुजू झाल्यावर साहेबांना जाणारा मेल बहुतेक वेळा एकाच साच्यातला असतो. संधीबद्दल आभार, मार्गदर्शनाखाली शिकण्याची उत्सुकता, खाली शिक्षण-अनुभवाची उजळणी. साहेब ‘वेलकम’ एवढं लिहून मोकळे होतात. बायोडाटा त्यांनी मुलाखतीच्या वेळीच वाचलेला असतो. ही व्यक्ती काम कशी करते, हे मात्र त्यांना अजून माहीत नसतं, आणि आपल्याकडून त्यांना काम कसं हवंय हे तिलाही.

समजा, चाकणच्या एका सुट्या भागांच्या कारखान्यात एक मुलगी अकाउंट्समध्ये रुजू झाली आहे. पुरवठादारांची बिलं तपासून पेमेंटला लावणं हे तिचं काम. साहेब बसतात चेन्नईला. (ते शेजारच्या टेबलावर असते, तर हेच सगळं चहाच्या वेळी बोलून झालं असतं, तिथे लांबलचक मेल विचित्रच दिसतो.) पहिले दोन दिवस लॅपटॉप, पासवर्ड आणि एचआरच्या फॉर्ममध्ये जातात. म्हणून मेल गुरुवारी पाठवलेला बरा. तोवर चार बिलं हाताखालून गेलेली असतात आणि विचारण्यासारखं खरोखर काही साठलेलं असतं.

विषयाच्या ओळीत नुसतं ‘परिचय’ लिहिण्यापेक्षा ‘पेमेंटचं काम : माझी पद्धत आणि तीन प्रश्न’ असं लिहावं. मजकूर फोनवर फार न सरकवता वाचून व्हावा. तो बहुधा इंग्रजीत जाईल, पण गाभा असा:

‘सर, सोमवारपासून पुरवठादारांच्या बिलांचं काम पाहते आहे. आधीच्या नोकरीतही हेच काम होतं, मात्र तिथलं सॉफ्टवेअर वेगळं होतं. इथलं शिकते आहे. अडलेल्या बिलांची यादी मी रोज संध्याकाळी करते. हवी असल्यास तुम्हालाही पाठवीन. आकड्यांबद्दल शंका असली, तर अंदाजाने नोंद न करता थांबून विचारते, त्यामुळे सुरुवातीला माझे प्रश्न जास्त येतील.

तीन गोष्टी विचारायच्या होत्या. माल आला आहे पण स्टोअर्सची नोंद नाही, अशी काही बिलं पडून आहेत; स्टोअर्सशी मी थेट बोलू, की तुमच्यामार्फत? लघुउद्योगांच्या बिलांना 45 दिवसांची मर्यादा जवळ आली, तर किती दिवस आधी तुम्हाला कळवू? अडचण आली तर तुम्हाला फोन चालेल, की मेल?’

यात ‘मी मेहनती आहे’ हे वाक्य नाही. ते सगळेच लिहितात आणि त्यावरून साहेबांना काहीच ठरवता येत नाही. संध्याकाळची यादी मात्र त्यांना उद्यापासून वापरता येते. स्वतःची सवय सांगताना सूर अटीचा होऊ नये, एवढं पाहावं. ‘सकाळी कॉल मला जमत नाहीत’ हे पहिल्या आठवड्यात लिहायचं वाक्य नव्हे. प्रश्नही असे आहेत, की ज्यांची उत्तरं साहेबच देऊ शकतात आणि एकेका ओळीत देऊ शकतात. रजा आणि पीएफचं एचआरला विचारावं. ‘माझ्याकडून आपल्या काय अपेक्षा आहेत?’ हा प्रश्न ऐकायला चांगला, पण त्याचं उत्तर लिहायला साहेबांना अर्धा तास लागेल, म्हणून ते उत्तर येत नाही. तो प्रत्यक्ष भेटीसाठी राखून ठेवावा.

तिघांत मला सर्वांत मोलाचा वाटतो तो शेवटचा, फोन की मेल. व्यवस्थापनशास्त्राचे अभ्यासक पीटर ड्रकर यांनी 1999 मध्ये एका लेखात माणसांचे दोन प्रकार सांगितले होते, वाचणारे आणि ऐकणारे. अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर वाचणारे होते. सेनापती असताना पत्रकारांचे प्रश्न त्यांना आधी लेखी मिळत, तेव्हा ते चोख बोलत. अध्यक्ष झाल्यावर आयत्या वेळच्या प्रश्नांपुढे त्यांची उत्तरं भरकटू लागली. लिंडन जॉन्सन ऐकणारे होते, आणि केनेडींकडून वारशाने आलेले सल्लागार त्यांना टिपणांवर टिपणं लिहून देत राहिले. आपले साहेब यातले कोणते, हे पहिल्याच आठवड्यात कळलं तर पुढची बरीच दमछाक वाचते.

मेलला उत्तर आलंच नाही, तरी खूण मिळते. दोन दिवसांनी ‘कॉल मी’ एवढाच मेसेज आला, तर साहेब ऐकणारे असावेत. काहीच आलं नाही, तर लगेच आठवण करणारा मेल टाकू नये. सर्वांत निकडीचा, म्हणजे स्टोअर्सचा, प्रश्न पुढच्या कॉलवर विचारावा. उत्तर तोंडी मिळालं, तर त्याच मेलखाली दोन ओळी लिहून ठेवाव्यात : ‘आज बोलल्याप्रमाणे, स्टोअर्सशी मी थेट बोलते. पाच दिवसांत नोंद झाली नाही, तरच तुम्हाला कळवते.’ महिनाअखेरीस ‘स्टोअर्सला कोणी विचारलं होतं?’ असा प्रश्न निघालाच, तर हा मेल दाखवता येतो.